सरासरी तीस हजार, मधलं घर तेरा हजार



दहावीच्या बीजगणितात सांख्यिकीचा धडा आहे. मध्य, मध्यक आणि बहुलक. सूत्र पाठ, सारणी पाठ, उत्तराला चौकट. मीही हा धडा बरीच वर्षं असाच शिकवला. मग एकदा त्यातलंच एक गणित माझ्याकडून चुकलं. चूक बेरजेत किंवा भागाकारात नव्हती. कोणतं माप लावायचं, तिथेच मी चुकलो.

सहलीची वर्गणी

माझ्याकडे नववीचा एक छोटा वर्ग होता, एकवीस मुलांचा. डिसेंबरात सहल काढायचं ठरलं. वर्गणी किती ठेवायची यावर बैठकीत चर्चा झाली. कुणीतरी म्हणालं, "पालकांच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या दहा टक्के ठेवू, वर्षातून एकदाच तर द्यायचे आहेत." वर्गशिक्षक म्हणून माझ्याकडे पालकांनी सांगितलेली उत्पन्नं होती. मी तिथल्या तिथे सरासरी काढून दिली, तीस हजार रुपये. दहा टक्के म्हणजे तीन हजार. ठराव झाला आणि सूचना वहीत गेली.

सहलीला एकवीसपैकी बारा मुलं आली. उरलेल्या नऊ जणांनी कारणं दिली. कुणाच्या आजीकडे कार्यक्रम होता, कुणाला गाडी लागते, कुणाच्या पोटात दुखत होतं. एकानेही "पैसे नाहीत" असं सांगितलं नाही. नववीतलं मूल ते सांगत नसतंच.

सहलीनंतर मी तोच कागद पुन्हा काढला. घरं ओळखू येऊ नयेत म्हणून आकडे थोडे फिरवले आहेत, पण चित्र तेच आहे. महिन्याचं उत्पन्न, हजार रुपयांत, लहानापासून मोठ्यापर्यंत:

६, ७, ८, ८, ९, १०, १०, ११, १२, १२, १३, १४, १५, १६, १८, २२, २८, ४५, ६०, ९५, २११

बेरीज करून पाहा. ६३० येते. भागिले २१, बरोबर ३०. माझी सरासरी चुकलेली नव्हती. पण आता या यादीत तीस हजार किंवा त्याहून जास्त कमावणारी घरं मोजा. फक्त चार. उरलेली सतरा घरं "सरासरी"च्या खाली आहेत. रांगेतलं अगदी मधलं, म्हणजे अकरावं घर, तेरा हजारांवर आहे. त्याच्यामागे दहा घरं, त्याच्यापुढे दहा घरं. हाच मध्यक.

मधल्या घरासाठी तीन हजारांची वर्गणी म्हणजे दहा टक्के नव्हती, तेवीस टक्के होती. पहिल्या घरासाठी तर महिन्याच्या कमाईचा निम्मा भाग. "उत्पन्नाच्या दहा टक्के" हे वाक्य ज्याला नेमकं लागू पडेल असं, म्हणजे तीस हजार कमावणारं, एकही घर यादीत नव्हतं.

एक रुपये वाटतं, दुसरं माणसं मोजतं

हा फरक मुलांना मैदानावर चटकन समजतो. उंचीप्रमाणे रांग लावली की बरोबर मधलं मूल कोणतं, हे दोन्ही टोकांकडून मोजत येऊन सांगता येतं. रांगेतलं सगळ्यात उंच मूल आणखी वीतभर वाढलं, तरी मधलं मूल बदलत नाही. मध्यकाला फक्त क्रमाशी देणंघेणं असतं. कोण कोणाच्या पुढे आहे एवढंच तो पाहतो, किती पुढे आहे हे पाहत नाही.

सरासरीचं काम वेगळं आहे. सगळ्यांचे पैसे एका ढिगात टाकले आणि समान वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येतील, हे ती सांगते. म्हणजे ती एका न घडलेल्या वाटणीचं उत्तर असते. ढिगात कुणी किती टाकले हे एकदा बेरीज झाली की पुसलं जातं. आमच्या यादीतल्या ६३० हजारांपैकी २११ हजार एकाच घराचे आहेत, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. ते एक घर बाजूला ठेवून बघा. उरलेल्या वीस घरांची सरासरी तीस हजारांवरून थेट एकवीस हजारांच्या खाली येते. मध्यक तेरा हजारांवरून साडेबारा हजारांवर येतो. एका घराच्या असण्या-नसण्याने एक माप नऊ हजारांनी हललं आणि दुसरं पाचशे रुपयांनी.

उंचीच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. वर्गातलं सगळ्यात उंच मूल मधल्या मुलाच्या सोळा पट उंच नसतं, म्हणून उंचीची सरासरी आणि मध्यक जवळजवळ एकच येतात. गुणांचंही साधारण तसंच, कारण शंभराच्या वर कुणाला जाता येत नाही. उत्पन्नाला खाली शून्याची फरशी आहे, वर मात्र छप्पर नाही. त्यामुळे उत्पन्नाची रांग कायम एका बाजूला लांबत जाते आणि सरासरी त्या लांब शेपटाकडे ओढली जाते. सरासरी आणि मध्यक यांत किती अंतर पडलं, त्यावरून हे शेपूट किती जड आहे याचा अंदाज येतो. म्हणून माझं म्हणणं असं की उत्पन्नाबद्दल दोन्ही आकडे शेजारी शेजारी मागावेत. त्यातलं अंतर ही तिसरी माहिती असते, आणि ती फुकट मिळते.

इथे आपल्या पुस्तकातल्या शब्दांबद्दल एक तक्रार करतो. सरासरीला आपण "मध्य" म्हणतो आणि रांगेतल्या मधल्या संख्येला "मध्यक". मुलाच्या कानाला "मध्य" म्हणजे मधोमध. त्यामुळे "मध्य ३०" ऐकलं की अर्धे वर आणि अर्धे खाली असं ते आपोआप धरून चालतं. मीही बैठकीत तेच धरून चाललो होतो. म्हणून मी आता वर्गात "मध्य म्हणजे सरासरी वाटणी, मध्यक म्हणजे मधलं घर" असं दर वेळी जोडून बोलतो.

वाढ नक्की कोणाची झाली?

सरासरी सर्वात जास्त फसवते ती वाढ सांगताना. समजा, पुढच्या वर्षी आमच्या यादीतल्या शेवटच्या घराचं उत्पन्न २११ हजारांवरून २७४ हजारांवर गेलं आणि बाकीच्या वीस घरांत एक रुपयाही वाढला नाही. बेरीज ६९३, सरासरी ३३. म्हणजे "पालकांच्या उत्पन्नात सरासरी दहा टक्के वाढ". वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि वीस घरांच्या बाबतीत शंभर टक्के खोटं. मध्यक विचाराल तर तो सांगेल, तेरा होते, तेराच आहेत.

हे केवळ कागदावरचं उदाहरण नाही. अमेरिकेत जनगणना खातं दर वर्षी कुटुंबांच्या उत्पन्नाचा मध्यक प्रसिद्ध करतं, त्यामुळे तिथे हे ताडून पाहता येतं. १९९९ ते २०१४ या काळात तिथलं दरडोई उत्पादन, महागाई वजा करूनही, वाढलं होतं. पण मधल्या कुटुंबाचं उत्पन्न महागाई वजा करता १९९९ पेक्षा २०१४ मध्ये कमीच होतं. या काळात दोन मोठ्या मंदी येऊन गेल्या, आणि झालेली वाढ मधल्या घरापर्यंत पोहोचलीच नाही. फक्त सरासरी छापणाऱ्या देशात ही गोष्ट कुणाला आकड्याने सिद्ध करता आली नसती. लोक म्हणत राहिले असते की आमचं काही भागत नाही, आणि त्यांना उत्तर मिळालं असतं की आकडे तर वाढताहेत.

दरडोई उत्पन्न वाचताना

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत २०२४-२५ साठी राज्याच्या दरडोई उत्पन्नाचा अंदाज ३,०९,३४० रुपये दिला होता. हा आकडा वर्तमानपत्रात येतो, स्पर्धा परीक्षेत विचारला जातो आणि भूगोल-अर्थशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहिला जातो. मुलांना एवढंच करायला सांगा की याला चार माणसांच्या घराने गुणा आणि बाराने भागा. महिन्याला एक लाख तीन हजार रुपये येतात. वर्गात एकदम शांतता पसरते. माझ्या एकवीस घरांच्या यादीत एवढं कमावणारं घर एकच होतं.

मग हा आकडा खोटा आहे का? नाही. पण त्याचा अर्थ आपण लावतो तो नाही. यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करून सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट, दरडोई उत्पन्न म्हणजे घरात आलेला पैसा नव्हे. राज्याच्या हद्दीत वर्षभरात जे उत्पादन झालं त्याचं मूल्य घेतात, यंत्रं-इमारतींची झीज वजा करतात आणि लोकसंख्येने भागतात. कंपनीने नफा कमावला आणि तो वाटला नाही, तरी तो यात येतो. कारखाना इथे आणि मालक परराज्यात असला, तरी उत्पादन इथलंच धरलं जातं. म्हणजे एक लाख तीन हजारांतला काही भाग कुठल्याच घराच्या हातात पडलेला नसतो.

दुसरी गोष्ट, तीच आपली लांब शेपटाची. मुंबई, ठाणे, पुणे आणि गडचिरोली, नंदुरबार, वाशीम हे सगळं एका ढिगात टाकून भागलेलं असतं. आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्नही असतं, आणि ते बघायला हवं. पण जिल्ह्याचा आकडा हीसुद्धा सरासरीच असते. मुंबईतला बंगला आणि मुंबईतलीच झोपडी तिथेही एकाच भागाकारात जातात.

मग देशात मधला माणूस कुठे आहे? २०२४ मध्ये वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबच्या अभ्यासकांनी, ज्यांत अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी होते, २०२२-२३ साठी एक अंदाज मांडला. त्यांच्या हिशेबात भारतातल्या प्रौढ व्यक्तीचं सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे दोन लाख पस्तीस हजार रुपये येतं. खालच्या निम्म्या प्रौढांची सरासरी मात्र एकाहत्तर हजार रुपये. त्यांच्यावरच्या चाळीस टक्क्यांची सरासरी एक लाख पासष्ट हजार, म्हणजे तीही देशाच्या सरासरीच्या खालीच. देशाची "सरासरी" गाठायला माणसाला शंभराच्या रांगेत जवळजवळ नव्वदाव्या जागी उभं राहावं लागतं. आमच्या वर्गात एकवीसपैकी सतरा घरं सरासरीखाली होती, म्हणजे एक्याऐंशी टक्के. देशाचं चित्र त्याहून तिरकं निघालं.

हा अंदाज आहे, मोजणी नाही, हेही मुलांना सांगायला हवं. प्राप्तिकराची आकडेवारी, घरोघरी झालेली सर्वेक्षणं आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब जोडून तो काढलेला आहे. जोडताना काही गृहीतकं धरावी लागतात आणि त्यांवर अर्थशास्त्रज्ञांत वाद आहेत. पण मध्यक सरासरीच्या बराच खाली आहे, यावर फारसा वाद नाही.

मग मध्यक छापत का नाहीत?

हा प्रश्न एका मुलीने मला विचारला आणि तो धड्यातल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा चांगला होता. उत्तर गणितातच आहे. सरासरीला दोनच आकडे लागतात, एकूण बेरीज आणि माणसं किती. एकूण बेरीज कारखाने, शेती, बँका, सरकार यांच्या हिशेबांतून वरूनच मिळते. एकाही घराचं दार न वाजवता दरडोई उत्पन्न काढता येतं. मध्यकासाठी रांग लावावी लागते, आणि रांग लावायची तर घराघरांचं उत्पन्न विचारावं लागतं.

ते विचारणं सोपं नाही. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला "महिन्याचं उत्पन्न किती?" असं विचारून बघा. पैसा एकदम हातात येतो, त्यातून बियाणं, खत, मजुरी, मागची उधारी वजा होते, आणि एखाद्या वर्षी उत्तर शून्याखालीही जातं. किराणा दुकानदाराचा गल्ला आणि घरखर्च एकाच डब्यात असतो. भाडं, व्याज, मुलाने पाठवलेले पैसे, घरच्या म्हशीचं घरीच प्यालेलं दूध, यातलं उत्पन्न काय धरायचं? आणि ज्यांना माहीत असतं ते सांगत नाहीत. मिळकतीचा आकडा आपल्याकडे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. आपल्या देशात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने १९६० च्या दशकात उत्पन्न विचारण्याचे प्रयोग केले होते. तेव्हा लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरू लागलं. कमावलं त्याहून जास्त खर्च केलं आणि वर शिल्लकही टाकली, असा तो हिशेब. म्हणून पुढे आपल्याकडे मुख्य भर खर्चाच्या सर्वेक्षणावर राहिला. देशभरच्या घरगुती उत्पन्नाचं स्वतंत्र सर्वेक्षण २०२६ पासून घेणार असल्याचं केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये जाहीर केलं. त्याचे निकाल येतील तेव्हा बातमीत सरासरीचा आकडा ठळक असेल. तुम्ही मध्यकाची ओळ शोधा.

मध्यकाला काय दिसत नाही

आता दुसरी बाजू, नाहीतर मी एका सोप्या आकड्याच्या जागी दुसरा सोपा आकडा देतोय असं होईल.

पुन्हा आमची यादी घ्या. समजा पाऊस गेला आणि खालच्या दहाही घरांचं उत्पन्न निम्मं झालं. सहाचे तीन, बाराचे सहा. वरची अकरा घरं होती तिथेच. मध्यक किती? तेराच! दहा घरं अर्धपोटी झाली आणि मध्यकाला पत्ताही नाही, कारण रांगेतला अकरावा नंबर हलला नाही. सरासरी मात्र तीसवरून सुमारे अठ्ठावीसवर आली, म्हणजे तिला निदान काहीतरी जाणवलं.

म्हणून मधलं घर पाहून झालं की एकदा रांगेच्या पावभर अंतरावरचं घर पाहावं. अकरावी अर्थशास्त्रात याला पहिलं चतुर्थक म्हणतात. आमच्या यादीत ते पाचव्या आणि सहाव्या घरांच्या मध्ये येतं, साडेनऊ हजार. दुष्काळाच्या त्या उदाहरणात ते पावणेपाच हजारांवर येतं. मध्यकाने जे लपवलं ते चतुर्थकाने लगेच दाखवलं.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवायची. मध्यकावरून बेरीज काढता येत नाही. सरासरीला घरांच्या संख्येने गुणलं की एकूण रक्कम मिळते. मध्यकाला गुणून काहीच मिळत नाही. शाळेला एकूण किती निधी जमेल, ग्रामपंचायतीचा कर किती येईल, या प्रश्नांना सरासरीच हवी. "साधारण घराला हे परवडेल का" या प्रश्नाला मध्यक हवा. "कोण मागे राहील" या प्रश्नाला खालचं चतुर्थक. बैठकीत आमचा प्रश्न शेवटचा होता आणि मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

वर्गात घेताना

मुलांना स्वतःच्या घराचं उत्पन्न वर्गात सांगायला लावू नका, चिठ्ठीवर नाव न घालताही नको. अक्षर ओळखू येतं आणि घरी तो प्रश्न नेणंच मुलाला जड जातं. त्याऐवजी काल्पनिक घरांची यादी द्या, वरची एकवीस घरं वापरलीत तरी चालेल.

पालकांकडून माहिती घ्यायचीच असेल, तर नेमका आकडा न विचारता गट विचारा आणि शेवटचा गट उघडा ठेवा. आमची यादी गटांत अशी बसते (हजार रुपयांत, पाच ते दहा म्हणजे दहाच्या आतले):

- ५ ते १०: ५ घरं
- १० ते १५: ७ घरं
- १५ ते २०: ३ घरं
- २० ते ३०: २ घरं
- ३० आणि त्याहून जास्त: ४ घरं

आता मुलांना सरासरी काढायला सांगा. ती अडकतात, कारण शेवटच्या गटाचा वर्गमध्य काढताच येत नाही. तीसच्या वर म्हणजे पस्तीस की दोनशे अकरा? मग मध्यक काढायला सांगा. पुस्तकातलंच सूत्र:

L + [(N/2 − cf) / f] × h

N = २१, म्हणून N/2 = १०.५. पहिल्या गटात ५ घरं संपली, तेव्हा मध्यक दुसऱ्या गटात. L = १०, cf = ५, f = ७, h = ५. उत्तर १० + (५.५ ÷ ७) × ५, म्हणजे सुमारे १३.९. खरा मध्यक १३ होता. गटातली घरं सारख्या अंतरावर पसरली आहेत असं सूत्र धरून चालतं, म्हणून थोडा फरक पडला. पण सर्वात श्रीमंत घराने आपला आकडा सांगितलाच नाही, तरीही मधलं घर सापडलं. उत्पन्न लपवणारे बहुतेक वरच्या टोकाचे असतील, तर मध्यकाचं फारसं बिघडत नाही, हे मुलांच्या इथेच लक्षात येतं. मी हे सूत्र इतकी वर्षं शिकवत होतो, पण ते कशासाठी आहे हे मला स्वतःला या उदाहरणात पहिल्यांदा नीट दिसलं.

शेवटी एक पाठपुराव्याचा प्रश्न ठेवा. आठवडाभर वर्तमानपत्रात "सरासरी" शब्द जिथे येईल ते कात्रण आणायचं आणि त्याखाली एकच ओळ लिहायची: "याच्या खाली किती जण असतील?" पावसाची सरासरी, धावांची सरासरी, पगाराची सरासरी, सगळं चालेल. कुठे निम्मे येतील आणि कुठे येणार नाहीत, यावर मुलं भांडू लागली की धडा झाला असं समजा.

आमच्या सहलीचं पुढे काय झालं तेही सांगतो. पुढच्या वर्षी तीच मुलं दहावीत आली. या वेळी मी मध्यकावरून हिशेब मांडला. तेरा हजारांचे दहा टक्के, म्हणजे तेराशे. त्यात बसेल अशी जवळची एका दिवसाची सहल काढली. एकोणीस मुलं आली. दोन राहिली. यादीत पाहिलं तर सहा हजारांच्या घराला तेराशे म्हणजे अजूनही पाचव्या हिश्श्याहून जास्त होते. ते मध्यकाने मला सांगितलं नव्हतं, आणि मी रांगेचं खालचं टोक पाहिलं नव्हतं. ते आता या वर्षी पाहायचं आहे, सूचना वहीत जायच्या आधी.